लॅग्रांजियन रिलॅक्सेशन: बाउंड ४४०० वर अडकलाय, प्लॅन ४९०० चा आहे. मधले ५०० खरंच वाचतील का?

सावदेकर

नमस्कार मंडळी. मामांचा केळीचा व्यापार आहे. माल पिकवायला दोन चेंबर भाड्याने घेतो, एक सावद्यात आणि एक भुसावळला, प्रत्येकी १० टनांचं. कोणता लॉट कुठे पाठवायचा हे आजवर मामा तोंडी ठरवत आलेत. ते मला इंटिजर प्रोग्रॅम म्हणून मांडायचंय. मोठा हिशोब करण्याआधी समजून घ्यायला चारच लॉटचं उदाहरण घेतलंय.

पहिला आणि दुसरा लॉट ६-६ टन, तिसरा ४, चौथा ३. सावद्याला न्यायचं भाडं अनुक्रमे १०००, १०००, ८०० आणि ७०० रुपये. भुसावळचा टेम्पोवाला लहान-मोठा लॉट बघत नाही, सरसकट १६०० घेतो. लॉट फोडायचा नाही. एका शेतकऱ्याचा माल एकाच चेंबरमध्ये जातो, नाहीतर वजन आणि हिशोब दोन्हीचा घोळ होतो.

सगळं सावद्याला नेलं तर ३५०० मध्ये काम होतं, पण माल १९ टन आणि जागा १०. म्हणून सावद्याची क्षमतेची अट काढून λ च्या दंडासकट खर्चात टाकली. भुसावळची अट सध्या बाजूला ठेवलीय. आकडे शेकड्यांत:

```python
w   = [6, 6, 4, 3]
sav = [10, 10, 8, 7]
bhu = [16, 16, 16, 16]

def L(lam):
    return sum(min(s + lam*t, b)
               for s, b, t in zip(sav, bhu, w)) - 10*lam
```

L(0) = 35, L(0.5) = 39.5, L(1) = 44, L(2) = 41. म्हणजे ४४ च्या वर जातच नाही. मामांचा प्लॅन असा: पहिला आणि चौथा लॉट सावद्याला, दुसरा आणि तिसरा भुसावळला. खर्च १० + ७ + १६ + १६ = ४९. मामा विचारताहेत, "कॉम्प्युटर म्हणतो ४४००, मग माझे ५०० जाताहेत कुठे?" काय सांगू?

तापीकाठ

भो, तुझा दंड फार हलका आहे. अट मोडायची कोणाची हिंमत होऊ नये इतका मोठा ठेव. λ = १० टाक, मग १० टनांच्या वर एक किलो जाणार नाही. मी कॉलेजच्या प्रोजेक्टला असंच केलं होतं.

सावदेकर

टाकून बघितलं. L(10) = -36 येतंय. अट पाळली जातेय हे खरं, कारण सावद्याला एकही लॉट जात नाही, चारही भुसावळला. पण उणे ३६०० रुपये खर्च म्हणजे काय?

अनुताई_धुळे

तापीकाठ, तुमचं म्हणणं पेनल्टी मेथडला लागू पडतं. तिथे अट मोडली तरच दंड बसतो, पाळली तर काही नाही, म्हणून दंड जितका मोठा तितकं बरं. इथे खर्चात λ × (सावद्याचं वजन − १०) हे पद आहे आणि ते दोन्ही बाजूंनी चालतं. जादा माल गेला तर टनामागे λ द्यायचा, जागा मोकळी राहिली तर टनामागे λ परत मिळतो. λ = १० ला चारही लॉट भुसावळला जातात, त्याचे ६४. सावद्याची १० टन जागा रिकामी राहते, तिचे १०० परत. ६४ − १०० = −३६.

बाउंड मिळतो तोही या परताव्यामुळेच. खरोखर चालणारा कोणताही प्लॅन घ्या, मामांचाच घ्या. त्यात सावद्याचं वजन १० च्या आत असतं, त्यामुळे हे पद शून्य किंवा उणे. म्हणजे सैल केलेल्या हिशोबात त्या प्लॅनची किंमत खऱ्या किमतीपेक्षा जास्त असूच शकत नाही, आणि L(λ) तर सगळ्यांतली सर्वांत कमी किंमत. म्हणून λ शून्य किंवा त्याहून मोठा काहीही असो, L(λ) खऱ्या उत्तराच्या वर जात नाही. −३६ हे चूक नाही, निरुपयोगी आहे. "खर्च उणे ३६०० पेक्षा कमी होणार नाही" हे ऐकून मामांना काय उपयोग? आपल्याला L जिथे सगळ्यांत उंच जातो तो λ हवा, आणि सावदेकर, तो तुम्ही बरोबर शोधलाय.

निवृत्त_मास्तर

लॅग्रांजचा गुणक आम्ही बीएस्सीला वर्षानुवर्षं शिकवला. डेरिव्हेटिव्ह शून्य करा, समीकरणं सोडवा, झालं. इतके λ घालून बघायची गरज काय? L चा डेरिव्हेटिव्ह काढा, शून्य करा, λ हातात येईल.

अनुताई_धुळे

सर, इथे डेरिव्हेटिव्ह शून्य होतच नाही. L चा आलेख सरळ रेघांचे तुकडे जोडून बनलाय आणि शिखरावर टोक आहे. λ १ पेक्षा जरासा कमी असेल तर चारही लॉट सावद्याला जातात, १९ टन, म्हणजे ९ टन जादा, आणि आलेखाचा चढ +९. λ १ पेक्षा जरासा जास्त झाला की दोन्ही ६ टनी लॉट भुसावळकडे उडी मारतात, सावद्याला ७ टन उरतात, उतार −३. उतार म्हणजे त्या वेळी अट किती टनांनी मोडलीय किंवा किती जागा मोकळी राहिलीय तेवढंच. +९ वरून एकदम −३, मध्ये शून्य कुठे येत नाही. लॉट अखंड असल्याचा हा परिणाम.

सावदेकर, तुमचा प्रोग्रॅम १ च्या आसपास हेलकावे खात असणार. कधी १९ टनांचा प्लॅन देत असेल, कधी ७ टनांचा. सात टनांच्या प्लॅनमध्ये भुसावळला १२ टन जातात, तेही तिथे मावत नाहीत. λ कितीही बारीक फिरवला तरी या पद्धतीने चालणारा प्लॅन हाती लागणार नाही.

सावदेकर

अगदी हेच होतंय ताई. मग ४४ आणि ४९ मधलं अंतर खरं की खोटं?

अनुताई_धुळे

४४ कुठून आला ते पाहिलं की कळेल. लॉट फोडायची परवानगी आहे असं समजा आणि साधा एलपी सोडवा. पहिला लॉट पूर्ण भुसावळला, दुसरा अर्धा-अर्धा, बाकीचे सावद्याला. १६, मग ५ आणि ८, मग ८ आणि ७. बेरीज ४४. सावद्याला बरोबर १० टन, भुसावळला ९. म्हणजे तुमचा सगळ्यांत चांगला λ तुम्हाला एलपीच्याच दारात आणून सोडतो.

हा योगायोग नाही. क्षमतेच्या अटी काढल्यावर उरलेला प्रश्न इतका सोपा होतो की प्रत्येक लॉट आपापलं स्वस्त चेंबर निवडतो. तिथे लॉट फोडायची परवानगी दिली तरी कोणी फोडणार नाही. उरलेल्या प्रश्नाला अखंडपणाचा त्रासच होत नसेल, तर सगळ्यांत चांगला लॅग्रांजियन बाउंड एलपीइतकाच येतो, त्याहून रतीभरही जास्त नाही. जेफ्रियन यांनी १९७४ मध्ये हे मांडलं. भुसावळच्या अटीलाही वेगळा गुणक लावलात तरी ४४ च राहील, कारण एलपीच्या उत्तरात तिथे एक टन जागा मोकळीच आहे.

तेव्हा मामांना सांगा की हे ५०० लॉट फोडल्याशिवाय मिळतील असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. बाउंड वर न्यायचा असेल तर λ शी झटापट करून उपयोग नाही, कोणती अट काढायची तेच बदला.

जिनिंगवाला_चोपडा

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्याकडे १७० किलोच्या गाठी, ट्रक वेगवेगळ्या क्षमतेचे आणि प्रत्येक ट्रकचं भाडं ठरलेलं, भरा किंवा रिकामा न्या. गाठी कमी-जास्त करता येतात, ट्रक मात्र पूर्णच घ्यावा लागतो. मीही ट्रकच्या क्षमतेची अट काढून बसलोय आणि बाउंड फारच खाली येतोय. ताई म्हणतात तेच माझं दुखणं का?

अनुताई_धुळे

बहुतेक तेच. तुमच्याकडे अखंडपणा ट्रकमध्ये आहे, गाठीत नाही. मग "ट्रक घेतला तरच त्यात गाठी" हा भाग तोडू नका, "प्रत्येक सौद्याच्या गाठी पूर्ण पोचल्या पाहिजेत" ही अट काढून बघा. आकडे दिलेत तर वेगळ्या धाग्यावर बोलू, इथे केळीच राहू द्या.

सावदेकर

बरं, मी असं केलं. फक्त सावद्याची अट काढली, भुसावळची १० टनांची अट कडक ठेवली. आता λ साठी भुसावळला काय जाऊ शकतं ते सगळे संच तपासून बघतोय. λ = २ ला ४७ मिळाले!

अनुताई_धुळे

बरोबर. λ = २ ला सावद्याचे भाव २२, २२, १६, १३ होतात. भुसावळला एक ६ टनी लॉट नेला तर ६ वाचतात, पण दुसरा ६ टनी तिथे मावत नाही, आणि तिसऱ्यात वाचवण्यासारखं काही उरत नाही. ७३ − ६ − २० = ४७. "दोन ६ टनी लॉट एका चेंबरमध्ये मावत नाहीत" ही गोष्ट एलपीला माहीत नव्हती. भुसावळचा प्रश्न अखंड ठेवल्यामुळे बाउंडला ती कळली, तिथूनच हे ३ शेकडे वर आले.

आता शेवटचा प्रकार करा. दोन्ही चेंबरच्या क्षमता कडक ठेवा आणि "प्रत्येक लॉट एकदाच जाईल" ही अट काढा. प्रत्येक लॉटला एक भाव u द्या. मग दोन्ही चेंबर एकमेकांना न विचारता आपापला नॅपसॅक भरतात: ज्या लॉटचा u वजा भाडे जास्त, तो आत, एकूण १० टनांपर्यंत. बाउंड = सगळ्या u ची बेरीज, वजा दोन्ही चेंबरचा नफा. ही अट बरोबरच्या चिन्हाची आहे, त्यामुळे u उणेही चालतो, शून्यावर अडवायचा नाही.

सावदेकर

केलं. सगळ्यांचा u = १६ ठेवून सुरुवात केली. सावद्याचे नफे ६, ६, ८, ९, त्यातले तिसरा आणि चौथा घेतले, नफा १७. भुसावळला सगळेच शून्य, म्हणून रिकामं ठेवलं. बाउंड ६४ − १७ = ४७. पहिल्याच फेरीत ४७! पण पहिला आणि दुसरा लॉट कुणीच घेतला नाही. आता u कसा बदलू?

अनुताई_धुळे

जो लॉट कुणी घेतला नाही त्याचा भाव वाढवा. दोघांनी घेतला असेल तर कमी करा. एकानेच घेतला तर हात लावू नका. किती बदलायचा? मामांचा ४९ वजा हातातला बाउंड, भागिले बिघडलेल्या अटींच्या वर्गांची बेरीज. मामांचा प्लॅन इथे कामाला येतो, पावलाचं माप त्यातूनच निघतं. आता (४९ − ४७) / २ = १. पहिल्या दोघांचा u १७ करा.

सावदेकर

u = १७, १७, १६, १६. सावदा परत तिसरा-चौथा, १७. भुसावळ पहिला, नफा १. बाउंड ६६ − १८ = ४८. दुसरा लॉट अजून अनाथ. पाऊल (४९ − ४८) / १ = १, म्हणून u = १७, १८, १६, १६. आता भुसावळने पहिला सोडून दुसरा घेतला, नफा २. सावद्याला दोन जोड्यांत बरोबरी आहे, मी तिसरा-चौथाच ठेवला. ६७ − १९ = ४८. बाउंड जागचा हलला नाही. पुढचं पाऊल पहिल्या लॉटसाठी, u = १८, १८, १६, १६. सावद्याचे नफे ८, ८, ८, ९, सर्वांत चांगली जोडी १७. भुसावळ २. बाउंड ६८ − १९ = ४९.

ताई, ४९!

अनुताई_धुळे

झालं तर. मामांचा प्लॅन ४९ चा आहे आणि कोणताही प्लॅन ४९ च्या खाली जाऊ शकत नाही हेही आता सिद्ध झालंय. लॉट अखंड ठेवून ५०० वाचवायची जागाच नव्हती. मामांना तसं बिनधास्त सांगा.

दोन गोष्टी मात्र बघून ठेवा. मधल्या फेरीत बाउंड ४८ वरच थांबला होता. सबग्रेडियंटमध्ये असं होतंच, काही वेळा बाउंड खालीही घसरतो. म्हणून आतापर्यंतचा सर्वांत चांगला बाउंड वेगळा जपून ठेवायचा. दुसरं म्हणजे शेवटच्या फेरीतही तुमच्या चेंबरांनी निवडलेले लॉट नीट बघा: सावद्याला तिसरा-चौथा, भुसावळला एक ६ टनी. दुसरा ६ टनी अजून कुठेच नाही. म्हणजे बाउंड अचूक आला तरी प्लॅन आपोआप येत नाही. सावद्याच्या बरोबरीतल्या जोड्यांपैकी पहिला-चौथा घेतली आणि भुसावळला शून्य नफ्याचा तिसरा चढवला, की मामांचाच प्लॅन तयार. मोठ्या प्रश्नात ही डागडुजी करणारा छोटा प्रोग्रॅम वेगळा लिहावा लागतो आणि खरी मेहनत बहुतेक वेळा तिथेच जाते.

चेंबरवाला_काका

तुमचं सगळं समजलं नाही, पण λ = १ म्हणजे टनामागे १०० रुपये, बरोबर? मग मी सावद्यात दोन टन जागा वाढवून दिली तर सावदेकर मला २०० जादा देतील का?

अनुताई_धुळे

काका, देऊ नयेत. सावद्याची जागा १२ टन केली तरी सर्वांत स्वस्त प्लॅन ४९ चाच राहतो. दोन्ही ६ टनी लॉट सावद्याला घेऊन बघा, मग उरलेले दोन भुसावळला, खर्च ५२. तिथे काही सुटत नाही. पण १३ टन करा: एक ६ टनी, ४ टनी आणि ३ टनी असे तिन्ही सावद्यात बरोबर मावतात आणि खर्च एकदम ४१ वर येतो. पहिल्या दोन टनांची किंमत शून्य, तिसरा टन मिळाला की एकदम ८०० रुपये. λ ला भाव म्हणायचा मोह सगळ्यांना होतो, पण अखंड लॉटच्या जगात जागेची किंमत अशी पायरीपायरीने चालते. λ फक्त फोडलेल्या लॉटच्या हिशोबातला भाव सांगतो.

चेंबरवाला_काका

म्हणजे वाढवायचं तर तीन टन वाढवायचं. हे बरं कळलं.

शहादा_कोडर

एवढा खटाटोप कशाला? HiGHS फुकट आहे. चार लॉट काय, चाळीस लॉट आणि सहा चेंबर दिले तरी बसल्या जागी ऑप्टिमम देईल आणि सोबत बाउंडही.

अनुताई_धुळे

चाळीसला तुमचं म्हणणं मान्य आहे, मीही तेच वापरेन. हेल्ड आणि कार्प यांनी १९७० मध्ये फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नावर हे तंत्र वापरलं तेव्हा असे सॉल्व्हर नव्हते. आज याची गरज पडते ती एका चेंबरचा प्रश्न सरळ अटींत मांडणं जड जातं तेव्हा. समजा चेंबर चार दिवस बंद राहतं, आत एका पक्वतेचाच माल हवा, उघडायची तारीख बाजाराच्या दिवसाला जुळली पाहिजे. तो एका चेंबरचा प्रश्न वेगळा, छोट्या प्रोग्रॅमने सोडवता येतो. लॅग्रांजियनला फक्त त्याचं उत्तर लागतं, आत काय चाललंय ते लागत नाही.

शहादा_कोडर

तसं असेल तर मी कॉलम जनरेशन करेन. बाउंड तोच येतो, आणि u साठी असं चाचपडत चालावं लागत नाही, एलपी स्वतः देतो.

अनुताई_धुळे

बाउंड तोच, यात वाद नाही. पण सुरुवातीच्या फेऱ्यांत कॉलम जनरेशनचे भावही खूप उड्या मारतात. सबग्रेडियंटला एलपी सॉल्व्हर लागत नाही आणि प्रत्येक फेरीत वापरता येईल असा बाउंड मिळतो. शेवटी अचूकता हवी असेल तर तुमची पद्धत बरी, झटपट बरा बाउंड हवा असेल तर ही. माझं मत याच बाजूला झुकतं, पण तुमचं पटणारे खूप आहेत.

तापीकाठ

मग माझी मोठ्या दंडाची पद्धत कुठे चालते?

अनुताई_धुळे

चालणारा प्लॅन शोधायला चालते. डागडुजीच्या प्रोग्रॅममध्ये जादा टनांवर एकतर्फी मोठा दंड लावा, खुशाल. फक्त त्यातून आलेल्या आकड्याला बाउंड म्हणू नका.

सावदेकर

मंडळी, मामांना ४९ चं सांगितलं, ते खूश आहेत. आता हंगामातल्या एका दिवसाची खरी यादी घेतलीय, रावेर-यावलकडचे बरेच लॉट आणि चार चेंबर. u वाली पद्धतच लावलीय. बाउंड भराभर चढला आणि आता एका ठिकाणी थरथरतोय, मामांच्या प्लॅनपासून थोडा खाली. हे अंतर खरं आहे की पाऊल चुकतंय, कसं ओळखू?

अनुताई_धुळे

आधी पाऊल आखूड करा. मापाला एका गुणकाने गुणा, २ पासून सुरू करा, आणि बऱ्याच फेऱ्या बाउंड वाढला नाही की तो निम्मा करा. पाऊल बारीक झाल्यावर बाउंड पुन्हा चढला तर आधी तुम्ही शिखराच्या या अंगाला-त्या अंगाला उड्या मारत होता. बारीक पावलानेही हलला नाही तर दोन शक्यता उरतात: खरंच अंतर आहे, किंवा पाऊल इतकं लवकर आखूड झालं की वाटेतच थांबलात. त्यासाठी वेगळ्या u पासून पुन्हा सुरू करून बघा. दोन्हीकडून साधारण तोच आकडा आला तर शिखराच्या जवळ आहात असं धरायला हरकत नाही. भाडी सगळी ५० च्या पटीत असतील तर बाउंड वरच्या ५० ला नेऊन ठेवा, तेवढ्यानेही कधी अंतर मिटतं.

तरी उरलंच, तर ते या पद्धतीचं खरं अंतर. मग एखादा वादातला लॉट "सावदा" आणि "सावदा नाही" असा दोन्हीकडे ठरवून दोन वेगळे हिशोब करायचे आणि प्रत्येकाचा बाउंड बघायचा.

शहादा_कोडर

यादी टाक ना इथे, शेतकऱ्यांची नावं काढून. मी HiGHS वर लावतो, तू u वर लाव, आकडे ताडून बघू.

सावदेकर

टाकतो. चौथ्या चेंबरची क्षमता मामांना विचारायची राहिलीय, त्यांच्या मते ती "अंदाजे" आहे. ती पक्की झाली की यादी इथेच देतो.